चौथ्या कामाचा अंदाज

कोल्हापुरात एकटीनं काम करणाऱ्या एका फ्रीलान्स डिझायनरचा पोर्टफोलिओ डेक मी गेले काही दिवस पुन्हा पुन्हा उघडून पाहतोय. 14 स्लाइड्सची पीडीएफ आहे. एक मुखपृष्ठ, तीन कामांच्या प्रत्येकी चार स्लाइड्स आणि शेवटी संपर्काची एक. नव्या क्लायंटला ती हीच फाइल पाठवते. ज्यानं तिला कधी पाहिलेलं नाही असा माणूस चहा पिता पिता या 14 स्लाइड्स पुढे सरकवतो आणि आपलं काम हिला द्यायचं की नाही ते ठरवतो.

नवल असं, की त्या माणसाला हवं असलेलं काम त्या डेकमध्ये नसतंच. त्यात मसाल्याचं लेबल आहे, एक दिवाळी अंक आहे आणि एका रुग्णालयाच्या पाट्या आहेत. त्याला करून घ्यायचा असतो, समजा, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल. तरीही तीन परक्या कामांवरून तो चौथ्या, अजून सुरूही न झालेल्या कामाचा अंदाज बांधतो, आणि डेक नीट केलेला असेल तर तो अंदाज बऱ्यापैकी खरा ठरतो. हे कशाच्या जोरावर घडतं, ते या एका डेकमध्ये शिरून पाहू.

तीनच कामं का, हा पहिला प्रश्न. तिच्याकडे दाखवण्यासारखं बरंच काही आहे. पण एक चांगलं काम नशिबानंही जमून जातं. दोन कामं शेजारी ठेवली की माणूस त्यांची तुलना करत बसतो, यातलं कुठलं बरं एवढंच पाहतो. तिसरं आलं की मात्र त्याला सवय दिसायला लागते. ही बाई प्रत्येक वेळी कामाच्या जागी जाऊन उभी राहते, प्रत्येक वेळी काहीतरी मोजते, प्रत्येक वेळी छापखान्यातून आलेला पहिला नमुना स्वतः तपासते. सवय ओळखता आली की पुढचा अंदाज आपोआप येतो. चौथ्या आणि पाचव्या कामात तीच सवय पुन्हा दिसेल, नवं फारसं कळणार नाही. म्हणून बाकीची कामं तिनं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आहेत. कुणी मागितली तर देते.

सवय दिसते ती प्रोसेसच्या स्लाइड्समध्ये, आणि माझ्या मते डेकचा जीव तिथंच आहे. तयार लेबलाचा फोटो सुंदर असतो, पण त्यातून फक्त शेवट कळतो. त्या शेवटापर्यंत येताना कुठले रस्ते सोडून दिले, हे लेबलावर कुठंच छापलेलं नसतं. ते दाखवायचं तर टाकून दिलेल्या गोष्टी जपून ठेवाव्या लागतात: फसलेलं प्रूफ, दुकानात मोबाइलवर काढलेले धूसर फोटो, वहीतल्या खुणा. काम चालू असतानाच हे गोळा केलं नाही तर नंतर मिळत नाही. नंतर आठवून रचलेली प्रोसेस ओळखूही येते. तिच्यातली सगळी रेखाटनं स्वच्छ असतात, आणि पहिल्या रेखाटनापासूनच ती शेवटच्या उत्तराकडे निघालेली असतात.

पहिलं काम एका बचत गटाच्या कांदा-लसूण मसाल्याचं आहे. गटातल्या बायका तीन मसाले करतात: कांदा-लसूण, गोडा आणि मटण मसाला. पाऊच तिन्हींना एकच, बाजारात तयार मिळणारा, आणि त्यावर चिकटवायचं छापील लेबल. गटाची मागणी साधी होती, लेबल उठून दिसावं. ती आधी किराणा दुकानांत जाऊन उभी राहिली आणि मग मसाला भरायच्या खोलीत दोन दुपारी बसली. दुकानातल्या फोटोंत दिसतं, की मांडणीच्या फळीला पुढून पट्टी असते आणि पाऊचचा खालचा भाग तिच्याआड जातो. बऱ्याच मसाल्यांची नावं नेमकी तिथंच छापलेली आहेत. तिनं नाव वर नेलं. इथवर कुणीही चांगला डिझायनर पोचला असता.

भरायच्या खोलीत तिला वेगळीच अडचण सापडली. तिथल्या एका बाईंनी सांगितलं, "ताई, गठ्ठा कांदा-लसूणचाच असतोय, पण मधनंच एखादं गोड्याचं लेबल निघतंय. चिकटवून झाल्यावर कळतंय." तिन्ही लेबलं एकाच मापाची, सारख्याच तांबूस रंगाची, एकाच दिवशी कापलेली. छापखान्यात गठ्ठे बांधताना एखाददुसरं इकडचं तिकडं जाणारच. त्यामुळे गोड्या मसाल्याच्या नावाखाली झणझणीत कांदा-लसूण एखाद्याच्या घरी पोचायचा.

तिनं काढलेला तोडगा पाहून मी थक्क झालो. प्रत्येक मसाल्याला तिनं वेगळ्या रंगाची एक पट्टी दिली आणि ती लेबलाच्या कडेच्या बाहेरपर्यंत नेली. छपाईत कडेपर्यंत रंग हवा असेल तर तो कापायच्या रेषेच्या साधारण 3 मिमी पलीकडे छापतात आणि मग कापतात. नाहीतर सुरी केसभर सरकली तरी पांढरी रेघ राहते. यालाच ब्लीड म्हणतात. आता रंग कागदाच्या अगदी धारेवर आला, की शंभर लेबलांचा गठ्ठा जरासा तिरका धरल्यावर त्याच्या बाजूवर त्या रंगाचा सलग पट्टा उमटतो. मधे दुसऱ्या मसाल्याचं एकच लेबल घुसलं असेल, तर त्या पट्ट्यात वेगळ्या रंगाची बारीक रेघ दिसते. गठ्ठा उलगडायलाच नको. या कामाच्या रिझल्ट स्लाइडवर पाऊचचा फोटो छोटा आहे. मोठा फोटो आहे तो लेबलांच्या गठ्ठ्याच्या बाजूचा, हिरव्या पट्ट्यात अडकलेली एक जांभळी रेघ दाखवणारा. तो फोटो पाहणाऱ्या पतसंस्थेच्या माणसाला मसाल्याशी काही घेणं नसतं, पण आपल्या अहवालाच्या बाबतीतही ही बाई बाइंडरकडे जाऊन बसेल, हे त्याला लगेच कळतं.

त्याच कामाच्या तिसऱ्या स्लाइडवर फसलेलं प्रूफ आहे. अशी स्लाइड ठेवायला धीर लागतो. पहिल्या नमुन्यात बारकोड मिरचीसारख्या लाल रंगात होता, मागची जमीन फिक्या सायीच्या रंगाची. डोळ्यांना तो ठळक दिसतो. सुपरमार्केटच्या काउंटरवर मात्र स्कॅनरला तो दिसलाच नाही. कारण असं, की अशा बहुतेक स्कॅनरमधून लाल प्रकाश पडतो. लाल रेघ लाल प्रकाश परत फेकते, आणि पांढरी किंवा सायीच्या रंगाची जमीनही परत फेकते. यंत्राच्या लेखी दोन्ही सारखेच उजळ असतात, म्हणजे तिथं कोडच उरत नाही. नारिंगी आणि पिवळ्या रेघांचीही तीच गत होते. काळा, गडद निळा, गडद हिरवा हे रंग लाल प्रकाश गिळतात, म्हणून ते चालतात.

यातली खरी फसवी गोष्ट पुढे आहे. मोबाइलवर हा लाल बारकोड अनेकदा वाचला जातो, कारण फोनचा कॅमेरा खोलीतल्या पांढऱ्या उजेडात पाहतो आणि सगळ्या रंगांचा हिशेब करतो. त्यामुळे "मी फोनवर तपासून घेतलंय" असं मनापासून सांगणारा माणूसही काउंटरवर अडकतो. तिची तपासणी घरच्या घरी होणारी आहे. लाल जिलेटीन कागद डोळ्यांसमोर धरायचा आणि त्यातून लेबल पाहायचं. रेघा विरून गेल्या तर स्कॅनरलाही त्या दिसणार नाहीत. स्लाइडवर दोन फोटो शेजारी शेजारी आहेत, एक साधा आणि एक लाल कागदातून काढलेला. दुसऱ्यात बारकोडच्या जागी रिकामी चौकट आहे. मी घरी एका रंगीत पुड्यावर हे करून पाहिलं आणि लाल अक्षरं डोळ्यांदेखत नाहीशी झाली.

त्या प्रूफमध्ये आणखी एक दोष होता. घटकपदार्थांची यादी लाल जमिनीवर पांढऱ्या अक्षरांत होती. कागदावरच्या नेहमीच्या छपाईत पांढरी शाई नसते, कागद मोकळा सोडला की पांढरं दिसतं. लाल रंग तयार होतो तो मुख्यतः मॅजेंटा आणि पिवळा एकावर एक छापून. म्हणजे प्रत्येक पांढरं अक्षर हे दोन वेगवेगळ्या शायांमध्ये ठेवलेलं भोक असतं, आणि ती दोन्ही भोकं तंतोतंत जुळावी लागतात. एक रंग दशांश मिलिमीटर सरकला तरी बारीक अक्षर भरून जातं. देवनागरीत हे जास्त लवकर होतं. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर अनुस्वार, रफार, मात्रा एवढाशा जागेत बसलेल्या असतात. भिंगातून काढलेल्या फोटोत दिसतं, की यादीतल्या 'कांदा'मधला अनुस्वार बुजला आहे आणि लेबलावर चक्क 'कादा' छापला गेला आहे. उपाय सरळ होता. यादी पांढऱ्या पट्टीवर, फक्त काळ्या शाईत. एकाच शाईचं अक्षर असलं की जुळवाजुळवीचा प्रश्नच उरत नाही.

कायद्यानं ठरवलेल्या गोष्टी तिनं एका कोपऱ्यात उरकल्या आहेत: 14 अंकी परवाना क्रमांक, वजन, किंमत, तारीख आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह. पाऊचचा समोरचा भाग 14 बाय 20 सेमी, म्हणजे 280 चौरस सेमी आहे. 100 ते 500 चौरस सेमीच्या दर्शनी भागाला हिरव्या ठिपक्याचा व्यास किमान 4 मिमी लागतो, आणि भोवतालच्या चौकोनाची बाजू व्यासाच्या दुप्पट, म्हणजे 8 मिमी. तिनं हे चिन्ह आधी जागेवर बसवलं आणि बाकीची मांडणी त्याच्याभोवती केली. शेवटी चिन्ह कोंबलेली लेबलं आपण रोज पाहतो, त्यामुळे हा क्रम मला फार आवडला.

मधलं काम दिवाळी अंकाचं आहे आणि तिनं ते थोडक्यात ठेवलंय ते योग्यच केलंय. अंकाची परंपरा 1909च्या 'मनोरंजन'पासूनची. वाचक पानाकडे सरावलेल्या नजरेनं पाहतो, तिथं नवेपणाला मर्यादा असते. या चार स्लाइड्समधली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट पायथ्याशी बारीक अक्षरांत आहे: आतली मांडणी माझी, मुखपृष्ठावरचं चित्र आणि शीर्षकाची अक्षरं दुसऱ्या चित्रकाराची. त्याखाली चित्रकाराचं नावही आहे. मुखपृष्ठ हेच अंकाचं सगळ्यात देखणं पान, आणि तिनं ते छोटं करून कडेला ठेवलंय. एकट्यानं काम करणारे बरेच जण ही ओळ गाळतात. पण ती लिहिलेली असली की वाचणाऱ्याला आपसूक कळतं, की बाकी जे 'माझं' म्हटलंय ते खरोखर हिचं आहे.

तिसरं काम पाट्यांचं. एका खासगी रुग्णालयात लोक सारखे वाट चुकत होते आणि सुरक्षारक्षकाला विचारत होते. रुग्णालयाला वाटत होतं, की पाट्या जुनाट झाल्या आहेत, नव्या छान कराव्यात. तिनं मजल्यांचे नकाशे छापून घेतले आणि दोन सकाळी ओपीडीच्या वेळेत तिथं बसून, कुणीही थांबून रस्ता विचारला की त्या जागी नकाशावर एक ठिपका दिला. तो नकाशा जसाच्या तसा स्लाइडवर आहे, निळ्या बॉलपेनच्या ठिपक्यांसकट. सगळ्यांना वाटलं होतं, गर्दी दाराशी असेल. दाराशी ठिपके तुरळक आहेत. खरी दाटी दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टचं दार उघडतं तिथं झाली आहे. पाटी होती, पण लिफ्टच्या वरच्या भिंतीवर. लिफ्टमधून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या ती पाठीमागे येत होती.

पाटी समोरच्या भिंतीवर न्यायची हे ठरलं. आता अक्षर किती मोठं हवं? पाट्या करणारे लोक एक ढोबळ हिशेब वापरतात: आरामात वाचता यावं म्हणून दर 10 फुटांच्या अंतराला एक इंच उंचीचं अक्षर. लिफ्टपासून समोरची भिंत 30 फुटांवर, म्हणजे 3 इंच. पण हा हिशेब रोमन लिपीतल्या मोठ्या अक्षरांवरून आलेला आहे. तिथं अक्षराची उंची म्हणजे तळापासून माथ्यापर्यंत सगळं अक्षर. देवनागरीत ओळीची उंची तीन मजल्यांत वाटलेली असते. वर वेलांट्या आणि मात्रा, मधे व्यंजन, खाली उकार. पाटी करणाऱ्याला "3 इंची अक्षर" एवढंच सांगितलं, तर तो वरच्या मात्रेपासून खालच्या उकारापर्यंत 3 इंच धरतो, आणि मधल्या व्यंजनाच्या वाट्याला त्यातला निम्माच भाग येऊ शकतो. मग 30 फुटांवरून 'स्त्रीरोग विभाग' हा एक गुंता दिसतो. तिच्या स्लाइडवर ही पाटी मोजपट्टीसकट आखलेली आहे. शिरोरेषेपासून व्यंजनाच्या तळापर्यंत 3 इंच, आणि वरच्या-खालच्या मजल्यांना त्याखेरीज जागा. पाटी त्यामुळे उंच झाली, ओळी कमी बसल्या. सहा विभागांऐवजी त्या मजल्यावरचे तीनच विभाग तिच्यावर राहिले. बाकीचे पुढच्या वळणावर गेले, जिथं त्यांची गरज पडते.

फॅब्रिकेटरकडे देण्याआधी तिनं ही पाटी कागदावर छापून, पुठ्ठ्यावर डकवून भिंतीला लावली आणि परत ठिपके मोजले. रिझल्टच्या स्लाइडवर दोन नकाशे शेजारी आहेत, आधीचा आणि नंतरचा. लिफ्टपाशी दाटी विरळ झालेली दिसते. त्याखाली तिनं स्वतःच लिहिलंय, की मोजणी मोजक्याच सकाळींची आहे, ओपीडीची गर्दी रोज वेगळी असते, म्हणून याला पुरावा न म्हणता खूण म्हणावं. शिवाय नंतरच्या नकाशात जिन्यापाशी थोडे नवे ठिपके उगवले आहेत. तिथं अजून उत्तर सापडलेलं नाही, तेही तिनं लिहिलंय. मला हा भाग डेकमधला सगळ्यात भारदस्त वाटला. आकडे फुगवलेली रिझल्ट स्लाइड एका प्रश्नात ढासळते: कसं मोजलंत? इथं मोजायची रीत आधीच मांडून ठेवलेली आहे.

'आधी आणि नंतर' शेजारी ठेवायची ही युक्ती संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. इंग्लंडमध्ये हम्फ्री रेप्टन नावाचा बागांची आखणी करणारा एक माणूस होऊन गेला. 1788 साली त्यानं हा व्यवसाय सुरू केला. जमीनदाराची जागा पाहून आला की तो एक पुस्तक तयार करायचा, हातानं लिहिलेलं, जलरंगातल्या चित्रांचं. अनेकदा ते लाल चामड्यात बांधलेलं असे, म्हणून त्यांना 'रेड बुक्स' म्हणतात. चित्रावर एक कागदी झडप चिकटवलेली असे. झडप खाली असताना जागा आज आहे तशी दिसायची. ती उचलली की त्याच चित्रात तळं यायचं, झाडं सरकायची, कुंपण नाहीसं व्हायचं. दोन्ही दृश्यं एकाच ठिकाणी उभं राहून काढलेली, म्हणून बदल कुठं झाला ते डोळा क्षणात पकडतो. आजच्या डेकमध्ये नेमकं हेच बिघडतं. आधीचा फोटो ढगाळ दुपारी मोबाइलवर, तिरका काढलेला असतो, आणि नंतरचा स्वच्छ उजेडात, चांगल्या कॅमेऱ्यानं. मग फरक डिझाइनचा आहे की उजेडाचा, ते कळत नाही. तिनं रुग्णालयाचे दोन्ही फोटो लिफ्टच्या उंबऱ्यावर उभं राहून, सकाळच्या त्याच वेळेला काढले आहेत.

आता ही फाइल प्रवासाला निघते, आणि इथं आणखी एक अचंबा आहे. डेक ती पीडीएफमध्येच पाठवते. प्रेझेंटेशनची मूळ फाइल पाठवली आणि समोरच्याच्या संगणकावर तिचा फॉन्ट नसला, तर संगणक मुकाट्यानं दुसरा फॉन्ट घालतो. ओळी लांबतात, शेवटचे शब्द खाली घसरतात. 1993 साली अडोबीनं पीडीएफ आणली ती याच दुखण्यावर, आणि तिच्यात फॉन्टही फाइलच्या पोटात घालून पाठवता येतो. पण पीडीएफच्या पानावर अक्षरं नसतात, अक्षरांचे आकार असतात. अमुक आकार अमुक जागी ठेवा, अशी सूचनांची मालिका असते. 'कि' लिहिताना पहिली वेलांटी डावीकडे दिसते, म्हणून पानावर तिचा आकार आधी येऊ शकतो. संगणकाच्या साठवणीत मात्र आधी 'क' असतो आणि वेलांटी नंतर. 'क्ष' आपल्याला एक अक्षर वाटतं, पानावर त्याचा आकारही एकच असू शकतो, पण साठवणीत ते तीन खुणांचं बनतं: क, हलन्त आणि ष. आकारांवरून परत अक्षरांकडे यायला फाइलमध्ये एक तक्ता असावा लागतो. तो अपुरा असला, की पान दिसायला निर्दोष असतं, पण त्यातलं मराठी कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं की वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसतात. चार महिन्यांनी क्लायंटनं आपल्या संगणकावर 'दिवाळी' शोधलं, तर हा डेक सापडेलच असं नाही.

म्हणून फाइल तयार झाली की ती एक परीक्षा घेते. संपर्काच्या स्लाइडवरचा सगळा मजकूर निवडायचा, कॉपी करायचा आणि नोटपॅडमध्ये चिकटवायचा. नाव, गाव, ईमेल जसंच्या तसं उतरलं तर ठीक. नाहीतर पीडीएफ दुसऱ्या प्रोग्रॅममधून पुन्हा काढायची. काही जण ही कटकट टाळायला सगळ्या स्लाइड्सची चित्रंच करून टाकतात. मग चिकटवायला काही उरतच नाही, आणि ईमेलही समोरच्याला बघून बघून टाइप करावा लागतो. त्यात एक टिंब चुकलं की पत्र पोचत नाही.

तिच्या शेवटच्या स्लाइडवर आभार मानलेले नाहीत. तिथं पाच ओळी आहेत. नाव. कोल्हापूर. ईमेल. फोन, आणि फोन कधी उचलते ती वेळ. पाचव्या ओळीत ती काय करते आणि काय करत नाही ते आहे: लेबलं, पुस्तकं, पाट्या, छापखान्यातल्या प्रूफपर्यंत सोबत. वेबसाइट करत नाही. या ओळीमुळे बरेच निरर्थक फोन वाचतात, असं ती म्हणते. ईमेल आणि फोन दोन्हींवर बोट ठेवलं की उघडतात.

कोपऱ्यात एक क्यूआर कोड आहे. हा चौकोन 1994 साली जपानमध्ये डेन्सो वेव्हच्या मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन यंत्राला 'कोड इथं आहे' हे सांगतात. त्यांच्या मधोमध कुठल्याही दिशेनं रेघ ओढा, काळ्या-पांढऱ्याचं प्रमाण 1:1:3:1:1 असंच येतं. म्हणून फोन तिरका, उलटा कसाही धरला तरी चालतो. हे प्रमाण निवडण्याआधी त्या मंडळींनी छापील कागदांचे ढीग तपासले आणि काळ्या-पांढऱ्याचं कुठलं प्रमाण त्यांत सगळ्यात कमी वेळा आढळतं ते शोधलं, म्हणजे दुसऱ्या कशाला भुलून यंत्र फसू नये. कोडमध्ये दुरुस्तीसाठीची जादा माहितीही भरलेली असते. या दुरुस्तीच्या चार पायऱ्या आहेत, साधारण 7, 15, 25 आणि 30 टक्के. एवढा भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळतो.

इथं मराठीपुरती एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. कोडमध्ये नाव-पत्ता भरताना देवनागरीची प्रत्येक खूण सहसा 3 बाइट घेते, रोमन अक्षर 1 बाइट. 'कोल्हापूर' या शब्दात काना-मात्रा आणि हलन्त धरून 9 खुणा आहेत, म्हणजे 27 बाइट. तेच रोमनमध्ये 8. मजकूर वाढला की कोडमधले ठिपके वाढतात. सगळ्यात लहान कोड 21 बाय 21 घरांचा असतो आणि पुढच्या प्रत्येक पायरीला लांबी-रुंदीत प्रत्येकी 4 घरं वाढतात. चौकोनाची जागा तेवढीच राहिली तर घरं बारीक होत जातात, आणि लांबून कॅमेऱ्याला ती वेगळी दिसत नाहीत. सगळा पत्ता मराठीत भरलेला पहिला कोड तिनं म्हणूनच काढून टाकला आणि फक्त एक छोटी लिंक भरली. मराठी नाव स्लाइडवर मोठ्या अक्षरात आहेच.

कोडभोवती चार घरांएवढी कोरी जागा सोडायची असते. बरेच जण ती सौंदर्यासाठी खाऊन टाकतात आणि मग कोड का चालत नाही म्हणून शोधत बसतात. गडद पार्श्वभूमीवर पांढरा कोड काही फोन वाचतात, काही वाचत नाहीत, म्हणून तिचा कोड पांढऱ्या चौकटीत काळाच आहे. आणि डेक फोनवरच उघडला असेल तर त्याच फोनच्या कॅमेऱ्यानं त्याच्याच पडद्यावरचा कोड टिपता येत नाही. तिथं बोट ठेवून उघडणारा ईमेल कामी येतो. कोड लॅपटॉपवर, छापलेल्या प्रतीवर किंवा सभागृहातल्या पडद्यावर उपयोगी पडतो. पडद्यासाठी तिचा हिशेब असा: जितक्या अंतरावरून टिपायचा त्याच्या दहाव्या भागाएवढा कोड रुंद हवा. शेवटच्या रांगेतला माणूस 5 मीटरवर बसला असेल, तर पडद्यावर तो चौकोन अर्धा मीटर रुंद दिसायला हवा. रुग्णालयाच्या ट्रस्टींसमोर डेक दाखवायला ती लवकर गेली, प्रोजेक्टर लावला, मागच्या खुर्चीत बसून स्वतःच्या फोननं कोड टिपला, आणि उघडतोय हे पाहिल्यावर पहिल्या स्लाइडवर परत आली.